दरमहा 2,200 रुपयांचे मील कार्ड की तेवढीच रोख रक्कम: एका पगाराचा पूर्ण हिशोब

पुण्यातील एका खाजगी कंपनीत नोकरी करणाऱ्या एका महिलेच्या आर्थिक वर्ष 2025-26 च्या पगाराचे हे प्रकरण आहे. एप्रिलमध्ये कंपनीच्या पगार विभागाने नेहमीप्रमाणे सर्व कर्मचाऱ्यांकडून एक अर्ज भरून घेतला. त्यात दोन गोष्टी विचारल्या होत्या. वर्षभराचा टीडीएस जुन्या करप्रणालीने कापायचा की नव्या, हा पहिला प्रश्न होता. विशेष भत्त्यातील दरमहा 2,200 रुपये मील कार्डावर हवेत की पगारासोबत बँक खात्यात, हा दुसरा. या बाईंनी जुनी करप्रणाली आणि मील कार्ड असे दोन्ही पर्याय निवडले. त्यांचे कारण सरळ होते. कार्डावरचे पैसे करमुक्त असतात, ही सवलत नव्या प्रणालीत मिळत नाही, आणि मिळणारी सवलत सोडायची कशाला?

यातली पहिली दोन विधाने बरोबर आहेत. तिसऱ्यात मात्र न तपासलेले एक गृहीत आहे, आणि त्या गृहीतामुळे त्यांच्या टीडीएसमध्ये वर्षभर पंचवीस हजारांहून अधिक रुपये जास्तीचे कापले गेले. ते कसे, हे समजण्यासाठी आधी या सवलतीचा नियम आणि मग त्यांच्या पगाराचे आकडे पाहावे लागतील.

नियमात नेमके काय आहे

मालकाने पगाराव्यतिरिक्त दिलेल्या सुविधांचे मूल्य, आर्थिक वर्ष 2025-26 ला लागू असलेल्या आयकर कायदा, 1961 च्या कलम 17(2) नुसार पगारात धरले जाते. कोणत्या सुविधेचे मूल्य कसे काढायचे, हे आयकर नियमावलीतील नियम 3 सांगतो. जेवणाबद्दलचा भाग नियम 3(7)(iii) मध्ये आहे. मालकाने जेवणावर जो खर्च केला असेल, त्यातून कर्मचाऱ्याकडून वसूल केलेली रक्कम वजा करून उरेल ते सुविधेचे मूल्य, हे तिथले मूळ सूत्र आहे. त्याला एक अपवाद दिलेला आहे. कामाच्या वेळेत ऑफिसच्या आवारात दिलेले जेवण आणि मद्यविरहित पेये, किंवा त्यासाठी दिलेली पैसे भरून घेतलेली कुपने, यांचे मूल्य प्रत्येक जेवणामागे 50 रुपयांपर्यंत पगारात धरले जात नाही. मील कार्ड हे या कुपनांचेच एक रूप. कुपनांसाठी आणखी दोन अटी आहेत. ती दुसऱ्याला देता येणारी नसावीत, आणि ती केवळ खाद्यगृहांतच चालणारी असावीत. कामाच्या वेळेतला चहा आणि अल्पोपाहार तर या मर्यादेच्याही बाहेर, म्हणजे पूर्णच मोकळा ठेवलेला आहे.

सवलत सुविधेला आहे, रोख रकमेला नाही. सगळ्या हिशोबाचा पाया हाच आहे. कंपनीने पगारपत्रकात "जेवण भत्ता" असे स्वतंत्र शीर्षक देऊन तेच 2,200 रुपये खात्यात जमा केले, तरी ती रक्कम कलम 17(1) खालचा साधा पगार ठरते आणि पूर्ण करपात्र असते. घरभाडे भत्त्याला कायद्यात स्वतंत्र सवलत आहे, तशी जेवणाच्या रोख भत्त्याला नाही. म्हणूनच वर्षभर रोख घेऊन, हॉटेलची बिले जपून ठेवून विवरणपत्र भरताना ही सवलत मागता येत नाही. कंपनीने बिलांची रोख भरपाई दिली, तरी ते कुपन होत नाही. पगार देण्याच्या वेळीच रक्कम कुपनाच्या रूपात गेलेली असावी लागते, मागाहून ती दुरुस्ती होत नाही.

2,200 हा आकडा कुठून येतो, हे पुष्कळ कर्मचाऱ्यांना माहीत नसते. नियमात महिन्याची मर्यादा कुठेही लिहिलेली नाही. पगार विभाग दिवसाला दोन जेवणे आणि महिन्याला कामाचे 22 दिवस धरतात. 50 गुणिले 2 गुणिले 22 म्हणजे 2,200, आणि वर्षाचे 26,400. आठवड्यात सहा दिवस काम असलेल्या ठिकाणी 26 दिवस धरून हाच आकडा 2,600 होतो. एका पाळीत दोन जेवणे खरोखर बसतात का, हा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर मालकाला द्यावे लागते, कारण टीडीएस कमी कापल्याची जबाबदारी आणि त्यावरचे व्याज कलम 201 खाली मालकावर येते. म्हणूनच काही कंपन्या एकच जेवण धरून 1,100 रुपयांवर थांबतात. मला ही सावधगिरी अनाठायी वाटत नाही. दुसरीकडे, काही ठिकाणी कार्डावर 3,000 रुपये भरण्याचा पर्यायही देतात. तसे केले तर वरच्या हिशोबाने पहिले 2,200 मोकळे राहतात आणि वरचे 800 सुविधेचे मूल्य म्हणून करपात्र पगारात मिळवावे लागतात. मर्यादा ओलांडली म्हणून सगळी सवलत जात नाही, फक्त वरची रक्कम करात येते.

आता नव्या करप्रणालीबद्दल. जून 2020 मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि कलम 115बीएसी खालची नवी प्रणाली घेणाऱ्यांना कुपनांवरची ही सवलत मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट केले गेले. त्या दुरुस्तीचा रोख केवळ कुपनांवर आहे. कंपनीच्या उपाहारगृहात, कामाच्या वेळेत मिळणाऱ्या जेवणाची 50 रुपयांपर्यंतची सवलत आणि चहा-अल्पोपाहाराची सवलत तिने काढून घेतलेली नाही. एकाच कंपनीत एकाला ताटात जेवण आणि दुसऱ्याला कार्ड मिळत असेल, तर नव्या प्रणालीत त्या दोघांचा कर वेगवेगळा पडू शकतो. उपाहारगृह चालवणाऱ्या कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांनी हा फरक अवश्य लक्षात घ्यावा.

पगाराचे आकडे

या बाईंचा पगार महिन्याला 1,20,000 रुपये, म्हणजे वर्षाला 14,40,000 रुपये आहे. त्यात मूळ वेतन 60,000, घरभाडे भत्ता 24,000 आणि विशेष भत्ता 36,000 आहे. मील कार्ड घेतल्यावर विशेष भत्ता 33,800 झाला आणि 2,200 रुपये कार्डावर गेले. रक्कम विशेष भत्त्यातून काढली हे बरे झाले. तीच मूळ वेतनातून काढली असती, तर भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी, या दोन्हींचा पाया थोडा खाली आला असता. कार्ड घेण्याआधी पगाराच्या जुन्या आणि नव्या रचनेतले मूळ वेतन शेजारी ठेवून पाहिले, की हे लगेच कळते.

त्या घरभाडे म्हणून महिन्याला 25,000 रुपये देतात. आर्थिक वर्ष 2025-26 मध्ये पुण्यासाठी घरभाडे भत्त्याची सवलत मूळ वेतनाच्या 40 टक्क्यांच्या मर्यादेत होती. प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, ही 40 टक्के रक्कम, आणि भाड्यातून मूळ वेतनाचे 10 टक्के वजा करून उरणारी रक्कम, या तिन्हींत जी सर्वांत कमी असेल ती करमुक्त होते. त्यांच्या बाबतीत पहिल्या दोन रकमा प्रत्येकी 2,88,000 येतात आणि तिसरी 3,00,000 वजा 72,000, म्हणजे 2,28,000 येते. त्यामुळे सवलत 2,28,000 रुपयांची. निधीतली स्वतःची वर्गणी आणि आयुर्विमा मिळून कलम 80सी ची 1,50,000 रुपयांची मर्यादा पूर्ण भरते. आरोग्य विमा कंपनीच्या सामूहिक योजनेत आहे, त्याचा हप्ता त्या स्वतः भरत नाहीत, म्हणून कलम 80डी मध्ये काही नाही. गृहकर्ज नाही.

जुन्या प्रणालीत कार्डाने किती वाचले

आधी कार्ड नाही, सगळे रोख, असे धरू. 14,40,000 मधून घरभाडे भत्त्याचे 2,28,000, प्रमाणित वजावटीचे 50,000, व्यवसाय कराचे 2,500 आणि 80सी चे 1,50,000 वजा केले की करपात्र उत्पन्न 10,09,500 रुपये उरते. जुन्या प्रणालीत अडीच लाखांपर्यंत कर नाही, पुढे पाच लाखांपर्यंत 5 टक्के, दहा लाखांपर्यंत 20 टक्के आणि त्यावर 30 टक्के. कर येतो 1,15,350 रुपये. त्यावर 4 टक्के उपकर मिळवला की 1,19,964.

कार्ड घेतल्यावर करपात्र उत्पन्न 26,400 ने उतरून 9,83,100 होते. कर 1,09,120, आणि उपकरासह 1,13,485 रुपये. फरक 6,479 रुपयांचा.

इथे थोडे थांबणे भाग आहे, कारण या बाईंनी स्वतः केलेला अंदाज वेगळा होता. "मी तीस टक्क्यांत आहे, म्हणजे 26,400 वर उपकरासह 31.2 टक्के, म्हणजे 8,237 रुपये वाचणार," असा त्यांचा हिशोब होता. तीस टक्क्यांचा टप्पा दहा लाखांवर सुरू होतो, आणि त्यांच्या उत्पन्नाचे फक्त 9,500 रुपये त्या टप्प्यात होते. 26,400 मधले तेवढेच रुपये 30 टक्क्यांनी वाचले, उरलेले 16,900 रुपये 20 टक्क्यांनी. सवलतीचे मोल नेहमी उत्पन्नाच्या वरच्या कडेला लागलेल्या दराने मोजायचे असते, आणि ती कडही सर्व वजावटी झाल्यानंतरची धरायची असते. पगाराचा मोठा आकडा पाहून आपण कोणत्या टप्प्यात आहोत हे ठरवले, की अशी चूक होते.

कार्डावरचा रुपया आणि खात्यातला रुपया

कर वाचला म्हणजे तेवढा फायदा झालाच, असे मात्र नाही. खात्यात येणारा रुपया भाड्याला, औषधाला, बचतीला, कशालाही चालतो. कार्डावरचा रुपया केवळ खाण्यापिण्याच्या ठिकाणी चालतो. म्हणून तुलना अशी करावी लागते: या बाईंनी 26,400 रुपये रोख घेतले असते, तर कर जाऊन त्यांच्या हाती 19,921 रुपये राहिले असते. कार्ड घेतल्यामुळे 26,400 रुपयांची जेवणे मिळू शकतात, पण ती त्यांनी एरवीही स्वतःच्या पैशांनी घेतली असती तरच. कार्डावरचे सरासरी तीन चतुर्थांशांहून थोडे अधिक पैसे खऱ्या गरजेच्या खाण्यावर गेले, तर कार्ड सरस. त्याहून कमी गेले, तर रोख बरी.

महिन्याच्या भाषेत सांगायचे तर ही कड सुमारे 540 रुपयांवर आहे. दर महिन्याला 540 रुपयांहून जास्त रक्कम कार्डावर पडून राहून अखेर मुदतीत बुडत असेल, किंवा केवळ कार्डावर आहेत म्हणून नको असलेल्या पदार्थांवर जात असेल, तर वाचलेला कर तिथेच संपला. या बाईंना आठवड्यातून दोन दिवस घरून काम असते, उरलेल्या दिवसांत त्या बहुतेकदा डबा नेतात. त्यांनी कार्डाच्या ॲपमधला व्यवहारांचा तपशील उघडला, तेव्हा दिसले की नेहमीच्या दुपारच्या जेवणांवर महिन्याला साधारण 1,300 ते 1,400 रुपये जातात आणि उरलेले पैसे महिनाअखेरीस एखाद्या मोठ्या बिलात संपवले जातात. अशा मोठ्या बिलांपैकी काही जेवणे त्यांनी एरवीही घेतली असती, काही नसती. त्यामुळे 6,479 रुपयांची बचत कागदावर पूर्ण असली, तरी त्यांच्या हाती तिचा केवळ काही भागच पडत होता. कुणाचे प्रमाण किती, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. तीन महिन्यांचे व्यवहार पाहिले की ज्याचे त्याला कळते.

याच ठिकाणी किराणा दुकानांचा विषय निघतो. पुष्कळ कार्डे किराणा दुकानांत चालतात, म्हणून लोक त्यावर तांदूळ-डाळ घेतात आणि कार्ड पूर्ण वापरले जाते असे समजतात. नियमातला शब्दप्रयोग खाद्यगृहांपुरता आहे आणि सवलत कामाच्या वेळेतल्या जेवणासाठी आहे. दुकानातल्या यंत्राने कार्ड स्वीकारले, याचा अर्थ आयकर नियमाची अट पूर्ण झाली असा होत नाही. जो किराणा घेऊनच कार्ड संपवू शकतो, त्याने ही सवलत आपल्यासाठी आहे असे धरून चालू नये, असे माझे मत आहे.

नव्या प्रणालीत तोच पगार

आता ज्या गृहीताचा उल्लेख सुरुवातीला केला, त्याकडे येतो. नव्या प्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत नाही, 80सी नाही, व्यवसाय कराची वजावट नाही, आणि कुपनांची सवलतही नाही. या बाईंना मिळते ती फक्त 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट. 14,40,000 मधून ती वजा केली की करपात्र उत्पन्न 13,65,000 रुपये. आर्थिक वर्ष 2025-26 साठी चार लाखांपर्यंत कर नाही, पुढे आठ लाखांपर्यंत 5 टक्के, बारा लाखांपर्यंत 10 टक्के, सोळा लाखांपर्यंत 15 टक्के. कर 84,750 रुपये, उपकरासह 88,140.

कार्डासह जुन्या प्रणालीतला कर 1,13,485 होता. म्हणजे 6,479 रुपयांची सवलत जपण्यासाठी त्या 25,345 रुपये जास्त भरत होत्या. सवलत खरी होती, नियमात बसणारी होती, पगारपत्रकात बिनचूक दाखवलेली होती. पण ती जिथे मिळत होती, त्या जागेचेच भाडे तिच्या जवळजवळ चौपट होते.

नव्या प्रणालीत गेल्यावर कार्ड आणि रोख यांच्यात कराचा एका पैशाचाही फरक राहत नाही. कार्डावरचे 26,400 रुपये सुविधेचे मूल्य म्हणून पगारात मिळवले जातात आणि या बाईंच्या दराने त्यावर 15.6 टक्के, म्हणजे 4,118 रुपये कर लागतो. रोख घेतली तरी तितकाच. फरक एवढाच, की कार्डाच्या बाबतीत हा कर कार्डावरून जात नाही, तर खात्यात येणाऱ्या पगारातून कापला जातो. म्हणजे बांधलेले पैसे पूर्ण मिळतात आणि मोकळे पैसे कमी होतात. कंपनी कार्डावर स्वतःकडून काही जास्त भर घालत नसेल, तर नव्या प्रणालीत कार्ड घेण्याला मला तरी एकही कारण दिसत नाही.

नव्या प्रणालीत कार्ड करमुक्त समजण्याची चूक एका ठिकाणी फार महाग पडते. करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल, तर कलम 87ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. समजा एखाद्याचा पगार कार्डासह 13,01,400 रुपये आहे. कार्डाचे 26,400 करमुक्त आहेत असे समजून त्याने हिशोब केला, तर 12,75,000 वजा 75,000 म्हणजे बरोबर बारा लाख, आणि कर शून्य. प्रत्यक्षात त्याचे करपात्र उत्पन्न 12,26,400 आहे. बारा लाखांच्या किंचित वर गेलेल्यांना मिळणाऱ्या सीमांत सवलतीमुळे त्याचा कर वाढीव उत्पन्नाएवढा, म्हणजे 26,400 रुपयांवर अडतो. उपकरासह 27,456. म्हणजे कार्डावरच्या पैशांचा रुपया न् रुपया करात जातो आणि वर उपकर वेगळा.

विवरणपत्र भरताना निघालेली गाठ

व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला टीडीएससाठी कंपनीला कळवलेली प्रणाली विवरणपत्र भरताना बदलता येते. जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते, नवी प्रणाली तर आता कायद्यानेच मूळ धरलेली आहे. म्हणून कंपनीने वर्षभर जुन्या प्रणालीने 1,13,485 रुपये कापलेले असले, तरी या बाईंना नव्या प्रणालीत विवरणपत्र भरून फरक परत मागता येतो. इथपर्यंत सोपे आहे. पण फॉर्म 16 पाहताना एक गोष्ट सहज नजरेतून सुटते.

कंपनीने कर जुन्या प्रणालीने मोजला असल्यामुळे कार्डावरचे 26,400 रुपये तिने पगारात धरलेच नव्हते. फॉर्म 16 च्या भाग ब मध्ये कलम 17(1) खालचा पगार 14,13,600 होता आणि कलम 17(2) समोर शून्य. आयकर विभागाच्या संकेतस्थळावरच्या विवरणपत्रात हेच आकडे आपोआप भरून येतात. प्रणाली बदलून नवी निवडली की घरभाडे भत्ता आणि 80सी च्या रकमा तिथल्या तिथे गळून पडतात, कारण त्या विवरणपत्रात स्वतंत्र रकान्यांत लिहिलेल्या असतात. कार्डाची रक्कम मात्र कुठल्याच रकान्यात नसते. ती मुळातच वगळलेली असते, म्हणून ती आपोआप परतही येत नाही. या बाईंच्या मसुद्यात कर 84,022 रुपये दिसत होता आणि परतावा 29,463 रुपये. योग्य कर 88,140 आहे आणि योग्य परतावा 25,345. मसुद्यातले जास्तीचे 4,118 रुपये हे कार्डाच्या 26,400 वरचा न भरलेला कर होते.

हे ओळखायची खूण साधी आहे. वर्षाच्या बारा सॅलरी स्लिपांवरच्या एकूण पगाराची बेरीज करावी, त्यात कार्डावर भरलेल्या रकमा धराव्यात, आणि ती फॉर्म 16 मधल्या एकूण पगाराशी ताडून पाहावी. दोहोंत बरोबर कार्डाच्या वार्षिक रकमेएवढा फरक आला, तर कंपनीने ती रक्कम करमुक्त धरलेली आहे. नवी प्रणाली घ्यायची असल्यास तेवढी रक्कम विवरणपत्रात कलम 17(2) च्या सुविधांच्या रकान्यात स्वतः मिळवावी लागते. सुविधांचे मूल्य दाखवणारा फॉर्म 12बीए मिळाला असेल, तर त्यात मोफत जेवणाची ओळ असते. तिथे मूल्य आणि करपात्र रक्कम काय लिहिली आहे, हेही पाहून घ्यावे. या बाईंनी रक्कम मिळवली, आणि परताव्याचा आकडा 4,118 ने खाली आला.

उलट बाजूनेही हीच गाठ पडते. वर्षभर नव्या प्रणालीत राहिलेल्या आणि कार्डही घेतलेल्या कर्मचाऱ्याच्या फॉर्म 16 मध्ये ती रक्कम सुविधा म्हणून आलेली असते. त्याने विवरणपत्र जुन्या प्रणालीत भरायचे ठरवले, तर नियमातली सवलत त्याला लागू होते. पण फॉर्म 16 मध्ये दाखवलेल्या रकमेपेक्षा कमी रक्कम लिहायची असल्यामुळे विचारणा होण्याची शक्यता राहते, आणि कार्डाचे वर्षभराचे स्टेटमेंट व कंपनीचे धोरण हाताशी ठेवणे आवश्यक ठरते.

तोच पगार, पण उलटे उत्तर

याच कंपनीत, याच पगारावर असलेल्या दुसऱ्या एका सहकाऱ्याचा हिशोब शेजारी ठेवला, तेव्हा उत्तर उलटे आले. त्यांचे भाडे महिन्याला 31,000 असल्यामुळे घरभाडे भत्ता पूर्ण 2,88,000 रुपयांनी करमुक्त होतो. 80सी चे 1,50,000 आहेत. स्वतःच्या कुटुंबाच्या आणि ज्येष्ठ नागरिक आई-वडिलांच्या आरोग्य विम्याचे मिळून 80डी मध्ये 75,000 आहेत, आणि राष्ट्रीय पेन्शन योजनेत त्यांनी जास्तीचे 50,000 भरले आहेत. या सगळ्यांची बेरीज 5,63,000 होते. 14,40,000 रुपयांच्या पगाराला, प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर सोडून, इतर वजावटी 5,26,250 च्या वर गेल्या, की जुनी प्रणाली नव्याहून स्वस्त पडू लागते. ते त्या रेषेच्या वर आहेत. पहिल्या बाई 3,78,000 वर होत्या, आणि कार्डाचे 26,400 मिळवूनही रेषेपासून 1,21,850 रुपये दूर राहिल्या.

या सहकाऱ्यांना रोख घेतल्यास जुन्या प्रणालीत 80,496 रुपये आणि कार्ड घेतल्यास 75,005 रुपये कर पडतो. त्यांची कार्डाची बचत 5,491 रुपये आहे, म्हणजे पहिल्या बाईंच्या 6,479 पेक्षा कमी, कारण त्यांचे सगळे उत्पन्न 20 टक्क्यांच्या टप्प्यातच संपते. पण ही कमी बचत त्यांच्या पदरात खरोखर पडते, कारण ते कार्ड असो वा नसो, जुन्याच प्रणालीत राहणार होते. कार्डाची रक्कम प्रणालीची निवड फिरवू शकते ती फक्त जिथे दोन्ही प्रणालींतल्या करांचा फरक कार्डाच्या बचतीहून कमी असेल तिथे. म्हणूनच आधी कार्ड बाजूला ठेवून दोन्ही प्रणालींतला कर काढावा आणि जुनी सरस ठरली किंवा फरक अगदी थोडा राहिला, तरच कार्डाचा प्रश्न हाती घ्यावा. एप्रिलमधल्या त्या अर्जावरचे दोन प्रश्न म्हणूनच वेगवेगळे नाहीत, आणि पगार विभागांनी ते वेगवेगळे छापू नयेत असे मला मनापासून वाटते.

पहिल्या बाईंनी पुढच्या वर्षासाठी नवी प्रणाली आणि रोख रक्कम असे कळवले. कार्डावर उरलेली शिल्लक बँक खात्यात वळवता येत नाही, म्हणून ती कार्डाच्या मुदतीच्या आत संपवण्याची नोंद त्यांनी करून ठेवली. वरचे सर्व आकडे 1961 च्या कायद्याखालचे आणि आर्थिक वर्ष 2025-26 पुरते आहेत. 1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा, 2025 लागू झाला आहे, त्यामुळे त्यापुढच्या पगारासाठी प्रति जेवण मर्यादा आणि कुपनांच्या अटी नव्या कायद्याखालच्या नियमावलीतूनच घ्याव्या लागतील. आर्थिक वर्ष 2025-26 च्या हिशोबाची रीत मात्र ही: दोन्ही प्रणालींतला कर कार्डाविना, मग जुन्या प्रणालीत कार्डासह, आणि शेवटी कार्डावरचे किती पैसे खरोखर जेवणावर गेले, ते.